‘कोणतीही ओपनिंग असेल तर सांगा’

*ताई, मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इंटर्नशिपच्या रेफरलसाठी गेल्या महिन्यात ४० जणांना मेसेज केले. दोघं म्हणाले, ‘रिझ्युमे पाठव.’ पाठवला, पुढे काहीच नाही. बाकीच्यांनी वाचून सोडून दिलं. मेसेज असा होता: ‘हॅलो सर, मी तुमच्या कॉलेजची विद्यार्थिनी आहे. मला तुमच्या कंपनीत इंटर्नशिपसाठी रेफरल हवा आहे. मी खूप मेहनती आहे आणि लवकर शिकते. कोणतीही ओपनिंग असेल तर प्लीज सांगा. माझ्यासाठी ही संधी खूप महत्त्वाची आहे. प्लीज हेल्प करा सर.’ यात चुकीचं काय आहे? या ४० जणांत आमच्या कॉलेजच्या एक माजी विद्यार्थिनी आहेत. त्यांनी आमच्याकडे डेटाबेसवर सत्र घेतलं होतं, मी प्रश्नही विचारला होता, पण त्यांना मी कुठे आठवणार? त्यांच्या कंपनीत आणखी पाच जणांना विचारून झालंय. ओळख नसेल तर कोणी मदत करत नाही, हेच खरं का? रिझ्युमे आणि त्यांच्या कंपनीतल्या एका जागेची लिंक जोडते आहे.*

*– वाट पाहणारी*

चुकीचं म्हणावं असं त्या मेसेजात काही नाही. नम्रता तर गरजेपेक्षा जास्तच आहे. अडचण अशी, की तो वाचून समोरच्याला काय करायचं तेच कळत नाही. मी स्वतः बरीच वर्षं कंपन्यांमधून लोकांना रेफर करत आले आहे, आणि असे मेसेज मीही वाचून बाजूला ठेवले आहेत. मनात राग नसतो, ‘रात्री बघू’ असं असतं. ती रात्र काही उगवत नाही.

तेव्हा मेसेज मिळाल्यावर माणूस नेमकं काय करतो, ते आधी बघू. रेफरल म्हणजे एचआरला फोन करून ‘आपली मुलगी आहे’ सांगणं नव्हे. बहुतेक कंपन्यांत कर्मचाऱ्यांसाठी एक अंतर्गत पोर्टल असतं. तिथे आधी जागा शोधायची, बहुतेक वेळा जॉब आयडी टाकून. मग उमेदवाराचं नाव, ईमेल, फोन, रिझ्युमेची फाइल. मग एक प्रश्न असतो: तुम्ही यांना कसं ओळखता? पर्याय साधारण असे: एकत्र काम केलंय, एकत्र शिकलोय, व्यक्तिशः ओळखतो, ओळखत नाही. आणि बऱ्याचदा शेवटी एक रिकामी चौकट: यांची शिफारस का करता?

आता तुझा मेसेज हातात घेऊन हा फॉर्म भरून बघ. ‘कोणतीही ओपनिंग’ म्हटल्यावर जॉब आयडी कुठून आणायचा? त्यासाठी डेटाबेसचं सत्र घेणाऱ्या त्या मॅडमनी कंपनीच्या करिअर पानावर जायचं, इंटर्नशिपच्या जागा बघायच्या, कुठली तिसऱ्या वर्षाला चालते ते वाचायचं, तुझा रिझ्युमे मागायचा, तो उघडून कुठली जागा जुळते ते ठरवायचं, आणि मग तुला विचारायचं, ‘ही चालेल का?’ हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि ते तुझं आहे. तुला वाटलं, ‘कोणतीही’ म्हटलं की आपण अडून बसत नाही, समोरच्याला सोपं जाईल. झालं उलटं.

शेवटच्या चौकटीचीही तीच गत. ‘मेहनती आहे, लवकर शिकते’ हे तुझ्याबद्दल तूच सांगते आहेस. मॅडमनी ते स्वतःच्या नावाखाली कशाच्या आधारावर लिहायचं? तिथे लिहिलेलं त्यांच्या नावावर राहतं, आणि पुढच्या वेळी त्यांनी कोणाची शिफारस केली की तिचं वजन त्यावर ठरतं.

‘रिझ्युमे पाठव’ म्हणणारे ते दोघं माझ्या मते चांगले लोक होते आणि ते इथेच अडकले असावेत. फाइल आली, पण कुठल्या जागेसाठी ते कळलं नाही. त्यातून तू पाठवलेल्या फाइलचं नाव आहे `resume_final_new2.pdf`. अशा नावाची माझी एक आठवण आहे. दोन मीटिंगांच्या मधल्या वेळात मी फोनवरून घाईघाईत एका मुलीचा रेफरल भरला. डाउनलोडमध्ये तीन ‘फायनल’ होते. मी भलत्याच मुलाचा रिझ्युमे चढवला. चूक माझी, पण भोगलं त्या मुलीने, कारण पोर्टलवर एकदा पाठवलेलं मला बदलता येईना. फाइलच्या नावात तुझं नाव, आडनाव आणि जागेचं नाव असू दे, बस. आणि ड्राइव्हची लिंक देणार असशील तर ती आधी ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत उघडून बघ. परवानगी `Restricted` राहिली असेल तर समोरच्याला `Request access` दिसतं, आणि त्यावर क्लिक करून तुझ्या मंजुरीची वाट कोणी बघत बसत नाही.

आता ओळखीबद्दल. मॅडमना तू आठवत नसशील, कबूल. पण तू कोण हे त्यांना आपणहून आठवायला हवं, असं कुठे आहे? ते आठवून देणं हे मेसेजच्या पहिल्या ओळीचं काम. सत्र कधी होतं, विषय काय होता, तू काय विचारलं होतंस, एवढं पुरतं. फोनवर सूचना येते तेव्हा मेसेजची पहिली ओळच दिसते. तिथे ‘हॅलो सर, मी तुमच्या कॉलेजची’ आलं, तर तो चाळिसातला एक मेसेज आहे हे उघडायच्या आधीच कळतं. मॅडमना तर ‘सर’ गेलंय. तुला ते किरकोळ वाटेल, त्यांना वाटणार नाही.

तुझ्या रिझ्युमेत एक ओळ आहे: ‘डेटाबेस ऑप्टिमाइझ केला’. मी तुला मेलवर विचारलं, म्हणजे नक्की काय केलं? तू तीन ओळींत उत्तर दिलंस आणि ते वाचून मी खुर्चीत सरळ बसले. कॉलेजच्या लायब्ररीसाठी तुम्ही तिघांनी पुस्तकं शोधायची साइट केली. एका पानावर ५० पुस्तकं दिसायची, पण प्रत्येक पुस्तकाच्या लेखकाचं नाव आणायला डेटाबेसकडे वेगळी क्वेरी जात होती. म्हणजे यादीची एक आणि लेखकांच्या ५०, मिळून ५१. तू दोन टेबलं जॉइन करून ते काम एका क्वेरीत आणलंस, आणि तीनेक सेकंद लागणारं पान एका सेकंदाच्या आत उघडायला लागलं. अगं, डेटाबेसवर काम करणाऱ्या माणसाला ‘५१ च्या जागी १’ एवढं सांगितलं तरी तुला काय येतं ते कळतं! आणि तू तिथे ‘मेहनती’ लिहिलंस.

तू जोडलेली लिंक उघडली. जागा बॅकएंड इंटर्नची आहे, पायथन आणि एसक्यूएल मागितलंय, तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी चालतात, अर्ज २२ तारखेपर्यंत. तुझं काम त्याला थेट जुळतं. जुळणी मॅडमनी शोधायची नाही, तू दाखवायची.

एक अवघड गोष्ट उरते. जुना मेसेज त्यांना आणि त्यांच्या पाच सहकाऱ्यांना गेलेला आहे. यावर पांघरूण घालू नकोस. एकाच उमेदवाराला दोघांनी रेफर केलं तर बहुतेक पोर्टलवर पहिल्याचं धरलं जातं आणि दुसऱ्याला ‘आधीच नोंद आहे’ असं दिसतं. ज्याने वेळ काढून फॉर्म भरला त्याला हे बघून काय वाटेल, विचार कर. म्हणून यापुढे एका कंपनीत एका वेळी एकच माणूस. झालेलं एका ओळीत सांगून टाकायचं.

या सगळ्यातून मेसेज असा होतो. तारखा तू पाठवशील त्या दिवसाप्रमाणे बदल, आणि जॉब आयडी मी नमुन्यादाखल लिहिलाय, खरा जाहिरातीतून घे.

> नमस्कार मॅडम, फेब्रुवारीत कॉलेजमधल्या तुमच्या डेटाबेसच्या सत्रात ‘इंडेक्स जास्त केले तर तोटा काय’ असं विचारणारी मी, कॉम्प्युटर, तिसरं वर्ष.
>
> तुमच्या कंपनीतल्या बॅकएंड इंटर्नच्या जागेसाठी (जॉब आयडी R-20417, अंतिम तारीख २२) मला रेफर करू शकाल का?
>
> जाहिरातीत पायथन आणि एसक्यूएल आहे. कॉलेजच्या लायब्ररीसाठी आम्ही तिघांनी पुस्तकं शोधायची साइट पायथनमध्ये केली. तिच्या एका पानासाठी ५१ क्वेऱ्या जात होत्या, त्या मी जॉइन वापरून एकीवर आणल्या. कोडची लिंक रिझ्युमेत आहे.
>
> गेल्या महिन्यात मी तुम्हाला एक मोघम मेसेज केला होता, त्यात ‘सर’ही लिहिलं होतं. क्षमस्व. तो तुमच्या आणखी पाच सहकाऱ्यांनाही गेला होता. माझ्या माहितीप्रमाणे रेफरल कोणी भरलेला नाही, आणि मीही अजून अर्ज केलेला नाही.
>
> आपण एकत्र काम केलेलं नाही, त्यामुळे रेफर करणं योग्य वाटत नसेल किंवा इंटर्नसाठी रेफरल चालत नसेल, तर ‘नाही’ एवढं कळवलंत तरी पुरे. १७ तारखेपर्यंत वाट बघून मी थेट अर्ज करेन. फॉर्मला लागणारी माहिती पुढच्या मेसेजात देते आहे.

लांबी बघ. तुझ्या जुन्या मेसेजच्या जवळपास चौपट आहे. मेसेज छोटाच हवा, असं तुला खूप जण सांगतील. मला ते अर्धंच पटतं. वाचायला लागणारा वेळ अर्ध्या मिनिटाने वाढला आणि करायचं काम पंचवीस मिनिटांनी कमी झालं, तर मेसेज सोपाच झाला म्हणायचं. लिंक्डइनवर कनेक्ट व्हायच्या विनंतीबरोबर जी छोटी नोट जाते तिथे मात्र हे मावणार नाही. तिथे फक्त पहिली ओळ आणि ‘बॅकएंड इंटर्नच्या जागेबद्दल एक विनंती आहे’ एवढंच घाल. बाकीचं त्यांनी विनंती स्वीकारल्यावर.

‘नाही’ एवढं कळवलंत तरी पुरे, ही ओळ काढावीशी वाटेल. नको काढू. नकार देणं सोपं केलं की लोक नकार देतील, अशी भीती असते. माझ्या अनुभवात मात्र, नकार द्यायला अवघड वाटतो तेव्हा लोक गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्यात तुझे दिवस जातात. काही कंपन्या इंटर्न फक्त कॉलेजांमार्फत घेतात, तिथे कर्मचाऱ्याच्या हातात काही नसतंच. ते तुला आज कळलेलं बरं.

‘माझ्यासाठी ही संधी खूप महत्त्वाची आहे’ हे मी काढलं, कारण ते वाचणाऱ्याला उगाच ओझं होतं. हात जोडलेले इमोजीही त्याच कारणाने नकोत. ‘मॅडम’ ठेवलंय. तुमच्याकडे सीनिअरना ‘ताई’ म्हणायची पद्धत असेल, तरी ज्यांच्याशी एकदाच बोलणं झालंय त्यांना पहिल्याच मेसेजात ताई म्हणू नये, असं मला वाटतं. त्यांनी उत्तरात सलगी दाखवली तर मग खुशाल.

दुसरा मेसेज लगेच पाठव, म्हणजे सगळं एकाखाली एक दिसेल. तो कोरडाच असू दे:

> नाव-आडनाव (रिझ्युमेत आहे तसंच), ईमेल, फोन, जॉब आयडी आणि जाहिरातीची लिंक, पदवी पूर्ण होण्याचं वर्ष, कधीपासून कधीपर्यंत काम करता येईल ते. रिझ्युमे जोडला आहे.
>
> शिफारशीच्या चौकटीत वापरता येईल असा मजकूर, हवा तसा बदलावा: ‘आमच्या कॉलेजची तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. माझ्या सत्रात भेट झाली, एकत्र काम केलेलं नाही. लायब्ररीच्या साइटवर तिने एका पानाच्या ५१ क्वेऱ्या एकीवर आणल्या आहेत, कोड रिझ्युमेतल्या लिंकवर बघता येतो. या जागेला लागणारं पायथन आणि एसक्यूएल तिने त्यात वापरलं आहे.’

या मजकुरात ‘हुशार’, ‘प्रामाणिक’ असं एकही विशेषण नाही. मॅडम लिंक उघडून दोन मिनिटांत पडताळू शकतील एवढंच आहे, म्हणून तो स्वतःच्या नावाखाली द्यायला त्यांना संकोच वाटणार नाही. ‘एकत्र काम केलेलं नाही’ हे मुद्दाम ठेवलंय. फॉर्ममधल्या ओळखीच्या प्रश्नाला त्यांना खरं उत्तर द्यायचं असतं, आणि तू त्यांच्याकडून जास्त काही वदवून घेत नाहीस हे त्यातून दिसतं. फॉर्म इंग्रजीत असणार हे गृहीत धर आणि ही चार वाक्यं इंग्रजीतच पाठव. नाहीतर भाषांतराचं नवं काम त्यांच्या गळ्यात.

कोडची लिंक देण्याआधी ती उघडून बघ, बाई. रेपॉझिटरी प्रायव्हेट नाही ना, आणि आत प्रकल्प काय आहे, चालवायचा कसा, तिघांतलं तुझं काम कुठलं, हे चार ओळींत लिहिलंय ना. ‘आम्ही तिघांनी’ म्हटल्यावर पुढचा प्रश्न ‘मग तू काय केलंस’ हाच असतो.

आधी थेट अर्ज करावा की रेफरलची वाट बघावी, हे माझ्याकडे येणारे पुष्कळ जण विचारतात. अनेक पोर्टलवर तुझा अर्ज आधीच गेला असेल तर त्यावर नंतर रेफरल जोडता येत नाही. काही ठिकाणी जोडता येतो. बाहेरून कळायला मार्ग नसतो, म्हणून आधी विचारणं बरं. पण वाट बघण्याला तारीख हवी. तुझ्याकडे अंतिम तारखेपर्यंत दहा दिवस असतील तर पाच दिवस थांब. जागा ‘आले तसे बघू’ पद्धतीने भरत असतील किंवा तीनच दिवस उरले असतील, तर सरळ अर्ज कर आणि मेसेजात ‘अर्ज केला आहे’ असं खरं लिही. रेफरलने फार तर कोणीतरी तुझा रिझ्युमे नक्की उघडून बघतं. त्यासाठी अंतिम तारीख हुकवण्यात काही अर्थ नाही.

कोणी म्हणेल, थेट रेफरल मागू नये, आधी ‘पंधरा मिनिटं मार्गदर्शन कराल का’ असं विचारावं. जागाच निघालेली नसेल आणि तुला खरोखर त्या कामाबद्दल काही विचारायचं असेल, तर जरूर. पण मनात रेफरल आणि तोंडावर मार्गदर्शन, हे दहाव्या मिनिटाला उघडं पडतं. मला तरी तो फोन फसवणुकीसारखा वाटतो. जे हवंय ते माग.

उत्तर ‘हो’ आलं तर त्याच दिवशी आभाराची एक ओळ पाठव, आणि दिलेल्या ईमेलवर लक्ष ठेव. पुष्कळ पोर्टल्स रेफरल भरल्यावर उमेदवाराला आपोआप मेल पाठवतात आणि उरलेला अर्ज त्या लिंकवरूनच भरावा लागतो. तो मेल स्पॅममध्ये जाऊन बसतो आणि लिंकची मुदत संपते, असं मी दोनदा पाहिलंय. अर्जात ईमेलही तोच टाक. दुसरा टाकलास तर सिस्टिमच्या दृष्टीने तू वेगळीच कोणी, आणि रेफरल राहतो बाजूला.

काहीच उत्तर नाही आलं, तर चौथ्या दिवशी एकदाच आठवण कर. ‘मॅडम, बघितलंत का?’ असं नको. त्याने फक्त अपराधी वाटतं. ‘मॅडम, बॅकएंड इंटर्नबद्दलची विनंती वर आहे. मी १७ ला थेट अर्ज करणार आहे, त्याआधी जमलं तर बघाल का?’ एवढंच. मग गप्प राहायचं. त्या पाच सहकाऱ्यांकडे या जागेसाठी पुन्हा वळू नकोस. नवी जागा निघाली तर त्यांतल्या एकाला, ज्याचं काम तुझ्या कामाच्या सगळ्यात जवळचं असेल त्याला, असाच नव्याने लिहिलेला मेसेज कर.

आणि १७ तारखेला अर्ज केलास की मॅडमना एक ओळ टाक: ‘मी आज थेट अर्ज केला आहे, त्यामुळे आता रेफरल भरायला नको.’ नाहीतर त्या बिचाऱ्या रविवारी वेळ काढून फॉर्म उघडतील आणि तुझं नाव त्यांना आधीच तिथे दिसेल.